फाईल आली, वर फक्त 'इनसाईट्स काढून द्या' एवढंच लिहिलंय: जिनिंगच्या खरेदी रजिस्टरवर करून बघितलेला उपाय

लक्षण

ही अडचण सारखी येते, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. कोणीतरी एक्सेल फाईल टाकतं, सोबत एकच ओळ असते, यातून जरा इनसाईट्स काढून द्या. आपण पिव्होट लावतो, महिन्यावार आवक, गाववार आवक, टॉप टेन पार्टी, सरासरी भावाचा लाईन चार्ट, दोन पाय चार्ट, सगळं नीट रंगवून पाठवतो. समोरचा माणूस बघतो आणि म्हणतो, "हाई तं माले माहितच शे." मग आपण परत बसतो, अजून दहा चार्ट काढतो, आणि परत तेच उत्तर येतं.

आपल्या धरणगाव, एरंडोल, पारोळा पट्ट्यात ज्यांनी जिनिंगचं किंवा आडतीचं काम केलंय त्यांना माहितीये की शेठ रोज काट्याजवळ बसलेला असतो. दिवाळीच्या सुमारास सगळ्यात जास्त गाड्या लागतात हे त्याला चार्टमधून कळायची गरज नाही, त्याने त्या गाड्यांची रांग डोळ्यांनी बघितलीये. म्हणजे चार्ट चुकीचा नसतो, गणितही बरोबर असतं, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

कारण

माझ्या मते कारण एकच आहे. आपण फाईल आधी उघडतो आणि प्रश्न नंतर शोधतो. फाईलमध्ये आकडे असतात, प्रश्न नसतात, ते त्या माणसाच्या डोक्यात असतात आणि बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात नसतातच, पक्क्या समजुतीच्या रूपात असतात. अमक्याचा माल चांगला, तमक्या रस्त्याचा माल ओला, व्यापाऱ्याकडून घेतला की स्वस्त पडतो, असं. सांगण्यासारखी गोष्ट तिथेच सापडते, जिथे अशी एखादी समजूत आकड्यांशी जुळत नाही आणि त्या न जुळण्याची किंमत रुपयात मोजता येते.

म्हणून फाईल उघडायच्या आधी मी एक फोन करतो. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारत नाही, कारण त्याला तेच सांगता येत नसतं, म्हणून तर त्याने एका ओळीत काम दिलंय. मी विचारतो, "शेठ, या खरेदीबद्दल तुम्हाला कोणत्या गोष्टी एकदम पक्क्या माहितीयेत?" यावर माणूस मोकळा बोलतो. दहा मिनिटांत तीन-चार समजुती मिळतात, त्या जशाच्या तशा वहीत लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर आपला अंदाज लिहायचा की ही खरी असेल तर फाईलमध्ये काय दिसलं पाहिजे. हे आधीच लिहिणं महत्त्वाचं, कारण आकडे बघून झाल्यावर आपल्याला सगळंच अपेक्षित होतं असं वाटायला लागतं.

फोन लागलाच नाही तर रजिस्टरचे कॉलम बघा. कोणी रोज हाताने ओलावा लिहून ठेवत असेल तर त्याला ओलाव्यावरून काहीतरी ठरवायचं असतं, उगाच कोणी कॉलम भरत नाही. जो कॉलम भरायला कष्ट पडतात त्याच्या आसपास निर्णय असतो.

उदाहरण

कुणाचं खरं रजिस्टर मी इथे टाकणार नाही, म्हणून आकडे बदलून, गोल करून उदाहरण बनवलंय, पण रजिस्टरची ठेवण आपल्याकडे असते तशीच आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कापूस खरेदी, साधारण २३०० ओळी, एकूण ३५,००० क्विंटल. कॉलम असे: तारीख, पावती नंबर, पार्टी, प्रकार म्हणजे शेतकरी की व्यापारी, गाव, वजन क्विंटलमध्ये, भाव, ओलावा टक्के, रक्कम. यातले १५,००० क्विंटल थेट शेतकऱ्यांकडून आणि २०,००० क्विंटल खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आलेत.

शेठच्या तीन समजुती: दिवाळीच्या आसपासचा माल ओला असतो, चोपड्याकडचा माल चांगला येतो, आणि व्यापाऱ्याचा माल शेतकऱ्यापेक्षा स्वस्त पडतो. पहिली सगळ्यांना माहितीये. दुसरी या फाईलमधून तपासता येणार नाही, कारण चांगला म्हणजे धाग्याची लांबी, कचरा, उतारा, यातलं काहीच रजिस्टरमध्ये नाही. तिसरी मात्र तपासता येते आणि तिच्यावर २०,००० क्विंटलची खरेदी अवलंबून आहे. म्हणून मी तीच धरली आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं.

हा निर्णय लोकांना जड जातो, फाईलमध्ये नऊ कॉलम आहेत तर नऊही वापरले पाहिजेत असं वाटतं. पण एक समजूत शेवटपर्यंत तपासली तर निदान एक खरी गोष्ट हातात येते, आणि चाळीस गावं, डझनभर व्यापारी, वीस आठवडे सगळे एकमेकांवर टाकून बघितले तर काहीतरी विचित्र दिसणारच आहे, ते योगायोगानेही दिसतं. याची खूण अशी की गाववार सरासरी भावाची यादी लावली की सगळ्यात महाग गाव आणि सगळ्यात स्वस्त गाव दोन्हींच्या नावावर चार-पाचच पावत्या निघतात. थोड्या पावत्या असल्या की सरासरी कुठेही उडते, त्यात गावाचा काही गुण किंवा दोष नसतो.

आधी फाईल खरी बोलतेय का ते बघा

हे काम कंटाळवाणं आहे पण इथेच निम्म्या खोट्या इनसाईट्स जन्माला येतात. या फाईलमध्ये तीन गोष्टी होत्या, आणि तिन्ही आपल्याकडे नेहमी भेटतात.

पहिली तारखेची. मे महिन्यात आणि एप्रिलमध्ये खरेदी दिसत होती, जिनिंग तेव्हा बंद असते. झालं असं की फाईल ज्या कॉम्प्युटरवर उघडली त्याची सेटिंग अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस. मग 05/11 म्हणजे पाच नोव्हेंबर, तो झाला अकरा मे. आणि 13/11 ला तेरावा महिनाच नसल्यामुळे एक्सेलने ती तारीख मानलीच नाही, तसाच टेक्स्ट ठेवला. ओळखायचं कसं, तर तारखेच्या कॉलममधल्या काही नोंदी डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसतात, डावीकडचं टेक्स्ट असतं. आणि उजवीकडच्या सगळ्या नोंदींमध्ये खरा दिवस १ ते १२ च्या आतलाच असतो. हे न बघता महिन्यावार चार्ट काढला तर उन्हाळ्यातही माल येतो अशी जबरदस्त इनसाईट निघते आणि आपली पत जाते.

दुसरी भावाची. काही ओळींमध्ये भाव १३८०, १३९० असा होता. वाटतं की टायपिंगची चूक आहे, उडवून टाकावं. पण नंदुरबार, नवापूरकडून जे व्यापारी गुजरातच्या बाजाराशीही जोडलेले असतात ते भाव वीस किलोच्या मणावर बोलतात. १३८० ला पाचने गुणा, ६९०० येतात, म्हणजे अगदी चालू भाव. अशा ओळी उडवायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या. पडताळा साधा आहे, रक्कम भागिले वजन करा, येणारा आकडा खरा क्विंटलचा भाव असतो, कारण पैसे दिलेत ते रकमेच्या कॉलमप्रमाणे दिलेत.

तिसरी, प्रत्येक महिन्याच्या शेवटी एकूण बेरजेची ओळ. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाईलमध्ये ती बऱ्याचदा असते, आणि ती पार्टी म्हणून मोजली गेली की सगळ्यात मोठा व्यापारी 'Total' नावाचा निघतो. पावती नंबर रिकामा असलेल्या ओळी फिल्टर केल्या की त्या सगळ्या एका जागी दिसतात.

आता समजूत तपासू

सरासरी भाव काढताना साधा AVERAGE लावू नका. शेतकऱ्याची पावती आठ-दहा क्विंटलची, व्यापाऱ्याची पंचवीसची, कधी त्याहून मोठी, सगळ्या पावत्यांना सारखं वजन दिलं तर सरासरी पावत्यांची होते, मालाची नाही. वजनाने भारित सरासरी अशी, F मध्ये वजन आणि G मध्ये भाव:

```
=SUMPRODUCT(F2:F2301,G2:G2301)/SUM(F2:F2301)
```

शेतकरी आणि व्यापारी वेगवेगळ्या शीटवर काढून हे लावलं. शेतकरी ७१४८, व्यापारी ७०१०. म्हणजे व्यापाऱ्याचा माल क्विंटलमागे १३८ रुपयांनी स्वस्त. शेठची समजूत बरोबर, चार्ट काढा, पाठवा, काम झालं, असं इथे वाटतं आणि बरेच जण इथेच थांबतात.

पण थांबायचं नाही, एक प्रश्न विचारायचा: या दोघांचा माल एकाच वेळी आला होता का? नाही. आपल्याकडे छोट्या शेतकऱ्याला दिवाळीला पैसा लागतो, मजुरीचे, दुकानाचे पैसे द्यायचे असतात, तो घरासमोर आलेल्या गाडीला माल देऊन मोकळा होतो, आणि तो माल व्यापाऱ्यामार्फत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जिनिंगला येतो. ज्याला थांबणं परवडतं तो घरात कापूस भरून ठेवतो आणि नंतर स्वतः घेऊन येतो. या फाईलमध्ये व्यापाऱ्यांचा ७० टक्के माल नोव्हेंबर संपायच्या आत आलाय, शेतकऱ्यांचा ४० टक्केच. आणि या हंगामात सुरुवातीला भाव कमी होता, नंतर चढला. म्हणजे व्यापाऱ्याची सरासरी कमी दिसणारच, तो स्वस्त देतो म्हणून नव्हे, तो स्वस्ताईच्या दिवसांत जास्त देतो म्हणून.

मग हंगामाचे दोन तुकडे केले, नोव्हेंबरअखेरपर्यंत आणि डिसेंबरपासून पुढे. पहिल्या तुकड्यात शेतकरी ६९२०, व्यापारी ६८९०. दुसऱ्यात शेतकरी ७३००, व्यापारी ७२९०. १३८ रुपयांचा फरक आला ३० वर आणि १० वर. बाकीचा सगळा फरक तारखेचा होता.

इथे एक सांगतो, फरक कमी झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बऱ्याच जणांना मोठा फरक हवा असतो, तो विरघळला की ते दुसरा कॉलम धरतात. पण खरी गोष्ट याच्या पुढच्या पायरीला होती.

ओलावा धरला की चित्र उलटतं

भाव आपण ओल्या कापसाचा देतो आणि विकतो रुई, सरकी. पाण्याचे पैसे कोणी देत नाही. सीसीआय म्हणजे सरकारी कापूस निगम, त्यांच्या खरेदीतही ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. खाजगी जिनिंगवालेही साधारण हाच हिशोब डोक्यात ठेवतात, पण गर्दीच्या दिवसांत कपात बोलाचालीवर होते, एखाद्याची सोडून देतात, एखाद्याची निम्मी धरतात.

म्हणून प्रत्येक ओळीचा भाव ८ टक्के ओलाव्यावर आणला. ८ टक्के ओलावा असलेल्या शंभर किलोत ९२ किलो कोरडा माल असतो, तर ओलावा H कॉलममध्ये असेल तर कोरडा भाव असा येतो:

```
=G2*92/(100-H2)
```

पहिल्या तुकड्यात शेतकऱ्यांच्या मालाचा सरासरी ओलावा १०.५, व्यापाऱ्यांचा ११.६. कोरडा भाव निघाला शेतकरी ७११३, व्यापारी ७१७१. कागदावर ३० रुपयांनी स्वस्त असलेला माल खरं तर ५७-५८ रुपयांनी महाग. दुसऱ्या तुकड्यात ओलावा ८.२ आणि ८.६, कोरडा भाव ७३१६ आणि ७३३८, फरक २२ रुपये, तोही उलट्या दिशेने.

आता रुपयात मोजा. पहिल्या तुकड्यात व्यापाऱ्यांचा १४,००० क्विंटल माल, त्याला ५७ ने गुणलं तर साधारण आठ लाख. दुसऱ्यात ६,००० क्विंटल गुणिले २२, सव्वा-दीड लाखाच्या दरम्यान. म्हणजे सांगण्यासारखं जे आहे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे, नंतरच्या महिन्यांवर जोर द्यायचं कारण नाही.

ही गोष्ट पाडायचा प्रयत्न करा

पाठवायच्या आधी मी स्वतःच विरुद्ध बाजूने उभा राहतो आणि ही गोष्ट खोटी ठरवायला बघतो, कारण शेठ तेच करणार आहे आणि त्याला धंदा आपल्यापेक्षा जास्त कळतो.

पहिला वार ओलाव्याच्या कॉलमवर. सगळा हिशोब त्यावर उभा आहे, तो कॉलम विश्वासाचा आहे का? मीटर एक दशांशापर्यंत दाखवतं, म्हणजे शेवटचा आकडा शून्यापासून नऊपर्यंत साधारण सारखा पडायला पाहिजे. किती ओळी ११.१, किती ११.२ असं मोजून बघितलं. पहिल्या तुकड्यातल्या व्यापाऱ्यांच्या जवळपास पाव पावत्या बरोब्बर १२.० वर होत्या आणि १२.१ च्या पुढे जवळजवळ काहीच नाही. शेतकऱ्यांच्या पावत्यांमध्ये असा ढीग नव्हता.

याचा अर्थ लावताना सांभाळून, कारण तीन कारणं असू शकतात. एक, १२ च्या वरचा माल गेटवरूनच परत पाठवला, म्हणून नोंदच नाही. पण त्याने १२ च्या पुढची जागा रिकामी होईल, १२.० वर ढीग लागणार नाही. दोन, लिहिणाऱ्याने जवळचा पूर्ण आकडा लिहिला, ११.८ ला १२ आणि १२.२ ला पण १२. तसं असतं तर ११.६ ते ११.९ ची जागाही ओसाड पडली असती, पण तिथे ओळी नेहमीसारख्या होत्या. तीन, मीटरने साडेबारा, तेरा दाखवलं आणि पावतीवर १२ लिहिलं गेलं. आकड्यांची ठेवण या तिसऱ्याकडे बोट दाखवते.

आणि इथे नीट विचार करा, तिसरं खरं असेल तर आपला निष्कर्ष कमजोर होत नाही, घट्ट होतो. व्यापाऱ्यांचा खरा ओलावा लिहिलाय त्यापेक्षा जास्त असेल तर ५७ रुपये हा फरक कमीत कमी आहे, खरा त्याच्यावर असेल. चूक आहे हे कळणं पुरेसं नसतं, ती कोणत्या दिशेला ओढतेय हे कळलं की मग आपण ठामपणे बोलू शकतो.

पण एक गोष्ट अजिबात लिहायची नाही, की काट्यावरचा माणूस लबाडी करतो. फाईल तेवढं सांगत नाही. शेठनेच सांगितलं असेल की बारापर्यंत चालवून घे, जुनी पार्टी आहे. कुणाच्या नोकरीवर येईल असं वाक्य आकड्यांच्या ठेवणीवरून लिहू नये, फक्त ढीग दाखवावा आणि काय झालं असेल ते त्यालाच विचारावं, त्याला बहुतेक माहिती असतं.

दुसरा वार, हे एकाच व्यापाऱ्यामुळे तर नाही ना? सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याला काढून परत हिशोब केला, फरक ५७ वरून ४१ वर आला. म्हणजे त्याचा वाटा मोठा आहे पण बाकीच्यांमध्येही हेच आहे. तिसरा वार, दोन महिने एकत्र केल्यामुळे तर नाही ना? आठवड्यावार बघितलं, नऊपैकी आठ आठवड्यांत व्यापाऱ्याचा कोरडा भाव वर होता. एखाद-दोन आठवड्यांनीच सगळा फरक आणला असता तर मी ही गोष्ट पाठवली नसती, त्या आठवड्यांत काय झालं एवढंच विचारलं असतं. गेल्या हंगामाचं रजिस्टर मिळत असेल तर तेही मागवा आणि हाच हिशोब एक अक्षर न बदलता त्यावर चालवा, तिथेही निघालं तर मग शंका फारशी राहत नाही.

पाठवायचं काय

पंधरा चार्ट नाही. एक छोटा तक्ता आणि चार ओळी, साध्या भाषेत, फोनवर वाचता येतील अशा. मी लिहिलं असतं ते असं:

"शेठ, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्यापाऱ्यांचा माल भावात ३० रुपयांनी स्वस्त दिसतो, पण ओलावा धरला तर शेतकऱ्याच्या मालापेक्षा क्विंटलमागे ५७ रुपये महाग पडलाय. १४,००० क्विंटलवर हे साधारण आठ लाख होतात. डिसेंबरनंतर फरक थोडाच आहे. व्यापाऱ्यांच्या बऱ्याच पावत्यांवर ओलावा बरोब्बर १२ आहे, तो मीटरचा आकडा आहे की ठरवून लिहिलेला ते एकदा काट्यावर विचारा."

आणि खाली, हे या फाईलमधून कळत नाही ते पण लिहायचं. व्यापाऱ्याला दलाली वेगळी दिली का, भाडं कोणाच्या अंगावर, हमाली किती, रजिस्टरमध्ये नाही. दलाली असेल तर फरक वाढेल. उलट, पंचवीस क्विंटलची एक गाडी उतरवणं आणि आठ-आठ क्विंटलच्या तीन गाड्या उतरवणं, यात वेळ आणि माणसं दुसऱ्यातच जास्त लागतात, आणि व्यापारी नसेल तर गर्दीच्या दिवसांत मशीनला पुरेल एवढा माल येईल का हाही प्रश्न आहे. या सोयीसाठी ५७ रुपये देणं शेठला परवडतही असेल. म्हणून व्यापाऱ्याकडून खरेदी बंद करा असा सल्ला मी कधीच देणार नाही, तो त्याचा निर्णय आहे. सुचवता येतं ते एवढंच की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्यापाऱ्याशी भाव ८ टक्के ओलाव्यावर ठरवा आणि वरच्या प्रत्येक टक्क्याची कपात सगळ्यांना सारखी लावा.

यावर हमखास येणारा प्रश्न

"पण व्यापारी चांगला माल वेचून आणत असेल, उतारा जास्त देत असेल तर?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि या फाईलमध्ये त्याचं उत्तर नाही. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, आणि अर्ध्या किलोचा फरकही ५७ रुपये खाऊन टाकू शकतो. रजिस्टरला उताऱ्याचा कॉलम जोडून पण भागणार नाही, कारण आवारात माल उतरला की सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात जातो, कोणत्या पावतीची रुई किती निघाली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला एक दिवस ठरवायचा, व्यापाऱ्यांचा शंभर क्विंटल आणि शेतकऱ्यांचा शंभर क्विंटल वेगळ्या ढिगात ठेवायचा, त्याच दिवशी मीटरने दोन्हींचा ओलावा प्रत्येक ढिगातून दहा जागी घ्यायचा, एकामागोमाग एक त्याच मशीनवर काढायचा, मध्ये मशीन पूर्ण रिकामी करून. मग दोन्हींची रुई, सरकी आणि घट वजन करून लिहायची. एकदा करून भागत नाही, मालात रोज फरक असतो, म्हणून नोव्हेंबर संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी हे परत करायचं. मशीन थोडा वेळ रिकामी चालते तेवढंच नुकसान, आणि आठ लाखांच्या प्रश्नाला ते जास्त नाही. हे आकडे हातात आले की ५७ रुपयांच्या बाजूला दुसरा आकडा मांडता येईल.